इंटरव्ह्यूत गाडी लग्न-मुलांवर घसरली, नोकरी तर हवीय, एचआरला हे कळवू कसं?

भटकभवानी
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. एका कंपनीत सर्व्हिस ऑपरेशन्सच्या रीजनल रोलसाठी अप्लाय केलंय. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरती आहे हे जाहिरातीतच होतं आणि मला तेच हवं होतं. रिक्रूटरचा राउंड झाला, टेक्निकल झाला, दोन्ही छान गेले. काल हायरिंग मॅनेजरचा राउंड होता, व्हिडिओवर. सुरुवातीचा बराच वेळ कामाचं बोलणं झालं, व्हेंडर मध्येच बदलला तर काय करता, टीममधले दोघं एकदम सुट्टीवर गेले तर कसं भागवता वगैरे, मजा आली खरंच. मग शेवटी एकदम गाडी घसरली. लग्नाला किती वर्षं झाली, मिस्टर काय करतात, "मग पुढचं काही प्लॅनिंग?", आणि त्यावर कडी म्हणजे "एवढ्या फिरतीला घरचे हो म्हणतील का?" मी लग्न झालंय एवढं सांगितलं, बाकीच्यावर हसून "फिरतीचं मी बघून घेईन" म्हटलं आणि विषय बदलला.

आता प्रश्न असा की मला हा जॉब हवाय. गप्प बसावं तर डोक्यातून जात नाहीये, आणि बोलावं तर नाव कटेल. अ‍ॅप्लिकेशन जिवंत ठेवून हे सांगता येतं का? कुणी केलंय का?

निमिष_का
सरळ बेकायदेशीर आहे हे! असले प्रश्न विचारायला जगात सगळीकडे बंदी आहे. मेलमध्ये कायद्याचं नाव टाका, सगळ्या पॅनेलला सीसी करा, बघा कसे सुतासारखे सरळ येतात ते.

साधासरळ
ताई, अशा प्रश्नांना हसतमुखाने उत्तर द्यायचं, "सध्या माझं सगळं लक्ष करिअरवर आहे" असं. मी माझ्या बहिणीला हेच पाठ करून घेतलं होतं, तिचं काम झालं. आत्मविश्वास दिसला पाहिजे.

भटकभवानी
@साधासरळ दादा, इंटरव्ह्यू झालाय हो काल. उत्तर काय द्यायचं हे नाही विचारत, आता नंतर काय करायचं ते विचारतेय.

टेकडीवाला
मी स्वतः टीमसाठी लोक घेतो म्हणून दुसरी बाजू सांगतो, चिडू नका. शेवटच्या दहा मिनिटांत वातावरण मोकळं करायला घरचं विचारलं जातं, त्यात दरवेळी काळंबेरं असतंच असं नाही. मीही विचारलंय पूर्वी. सोडून द्या की, कामाचा भाग चांगला गेलाय ना.

खुर्चीपलीकडून
मी बरीच वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, आतल्या बाजूने. @टेकडीवाला, मोकळं वातावरण करायला "वीकेंडला काय करता" विचारतात, "घरचे हो म्हणतील का" नाही. आणि हेतू चांगला होता की वाईट हा मुद्दा मी बाजूलाच ठेवते, कारण खरी अडचण पुढे होते ती सांगते.

इंटरव्ह्यू संपला की मॅनेजर फीडबॅक फॉर्म भरतो, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्यात तो "लग्नाबद्दल विचारलं" असं कधीच लिहीत नाही. तो लिहितो "स्टॅबिलिटीबद्दल शंका", "फिरतीबाबत कमिटमेंट स्पष्ट नाही". मग डिब्रीफला सगळे बसतात, ज्यांनी इंटरव्ह्यू घेतले ते आणि रिक्रूटर. तिथे समोर फक्त हे वाक्य असतं. ते वाक्य कुठल्या प्रश्नावरून आलं हे कुणालाच माहीत नसतं, विचारतही नाही कुणी. टेक्निकलवाला म्हणतो हुशार आहे, मॅनेजर म्हणतो पण फिरतीचं जरा डाउटफुल वाटतं, संपलं. मी अशा खोल्यांत बसलेय म्हणून सांगते.

म्हणून भवानी, तुझ्या मेलचं काम तक्रार करणं हे दुसऱ्या नंबरचं. पहिलं काम म्हणजे डिब्रीफच्या आधी रिक्रूटरच्या हातात दोन गोष्टी देणं, हा निष्कर्ष कुठून आला असू शकतो ते, आणि फिरतीबद्दलचं तुझं सरळ उत्तर. रिजेक्शन आल्यावर तोच मेल पाठवलास तर हरल्यावर रडतेय असं वाचलं जातं, अन्याय आहे पण वाचलं तसंच जातं. तेव्हा पाठवायचं तर आज-उद्यात.

आधी मात्र एक कर. प्रश्न जसेच्या तसे, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने लिहून ठेव, तू काय म्हणालीस तेही. हे कुणाला पाठवायचं नाहीये, स्वतःजवळ. चार दिवसांनी "साधारण असं काहीतरी म्हणाले" होतं आणि मग कुणी फोनवर नेमकं विचारलं की आपण अडखळतो.

निमिष_का
म्हणजे कायद्याचा काही उपयोगच नाही का? मग कायदे कशाला केलेत?

खुर्चीपलीकडून
@निमिष_का उपयोग आहे, पण तुम्ही म्हणता तसा सरसकट नाही. अमेरिकेत संघराज्याचा कायदा, म्हणजे 1964 चा टायटल सेव्हन आणि त्यात 1978 ला आलेली गरोदरपणाची दुरुस्ती, हा भेदभावाला बंदी घालतो. नुसता प्रश्न तोंडातून काढला म्हणून गुन्हा असं तिथेही नाही. पण नोकरी नाकारली तर तोच प्रश्न हेतूचा पुरावा म्हणून बघितला जातो. जर्मनीत गरोदरपणाबद्दल विचारलं तर उमेदवाराला खरं सांगण्याचं बंधनच नाही, खोटं सांगितलं म्हणून पुढे नोकरी घालवता येत नाही. भारतात 1976 च्या समान वेतन कायद्यात भरतीतल्या भेदभावाला बंदी होती, आता ते वेतन संहितेत गेलंय. आणि 1991 चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये नोकरीला लागणाऱ्या बाईला पाळी आणि गरोदरपणाचे तपशील विचारले होते, ते रकाने काढून टाका म्हणून कोर्टाने सांगितलं. म्हणजे देशागणिक वेगळं, आणि सगळीकडे जोर प्रश्नावर कमी, त्यावरून घेतलेल्या निर्णयावर जास्त.

आता मेलमध्ये कायद्याचं नाव घातलं की काय होतं? रिक्रूटरच्या हातातून तो विषय जातो. लीगलकडे जातो, सगळे सावध होतात, तुझ्याशी कुणी मोकळं बोलत नाही, आणि पोझिशन "होल्डवर" जाते. हक्क म्हणून ते बरोबर असेल, पण भवानीने विचारलंय अ‍ॅप्लिकेशन जिवंत ठेवून. पहिल्या मेलमध्ये तो शब्द नको. पुढे काही वाईट झालं तर वाट बंद होत नाही, फक्त तक्रारीची मुदत किती ते आपापल्या देशाचं आत्ताच बघून ठेवायचं. अमेरिकेत ती 180 दिवस आहे, बहुतेक राज्यांत 300. "बघू, कळवतील" करण्यात ती सहज निघून जाते.

भटकभवानी
बापरे, तो फॉर्मचा भाग माझ्या डोक्यातच नव्हता. रात्री बसून ड्राफ्ट केलाय. तिकडे मेल इंग्रजीत जाईल पण इथे मराठीत टाकते:

"नमस्कार, कालच्या मुलाखतीत मला अत्यंत अस्वस्थ करणारा अनुभव आला. माझ्या वैयक्तिक आयुष्याबद्दल अनावश्यक प्रश्न विचारण्यात आले. असे प्रश्न पुरुष उमेदवारांना विचारले जातात का? मी स्पष्ट करू इच्छिते की पुढची काही वर्षं आमचा मुलाचा विचार नाही आणि घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. आपण याची दखल घ्याल अशी अपेक्षा. तरीही मला या पदात रस आहे."

कसा आहे? कडक झालाय का?

अक्षरगंध
मला तर चांगला वाटला. मुलाचा विचार नाही हे लिहून टाकलंस ते उत्तम, त्यांच्या मनातली शंकाच संपली. काम झालं की.

खुर्चीपलीकडून
@अक्षरगंध तेच वाक्य सगळ्यात आधी काढायचंय! जे विचारायला नको होतं म्हणून आपण मेल लिहितोय त्याचंच उत्तर लेखी देतोय आपण. मग पुढे कुणी म्हटलं की यावर मूल्यमापन करू नका, तर ते म्हणतील अहो तुम्हीच सांगितलंत. आणि उद्या विचार बदलला तर? तुझ्या फाइलमध्ये तो कागद कायमचा. घरच्यांच्या पाठिंब्याचंही तेच, त्याने प्रश्न योग्य होता असं कबूल केल्यासारखं होतं.

"पुरुष उमेदवारांना विचारता का" हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर रिक्रूटर देऊच शकत नाही, त्यामुळे ती बिचारी उत्तरच देणार नाही. ज्याचं उत्तर ती देऊ शकेल असा प्रश्न ठेव. आणि "तरीही रस आहे" शेवटी आलंय, ते पहिल्या ओळीत आण. मेल उघडल्यावर पहिलं काय दिसतं त्यावर हा मेल तक्रारींच्या ढिगात टाकायचा की चालू उमेदवारांच्या, हे ठरतं.

अजून एक, जुन्या मेलवर रिप्लाय करू नकोस. इंटरव्ह्यूची वेळ ठरवलेला जो मेल आहे त्यात मॅनेजर सीसीत असणार, रिप्लाय ऑल गेलं की झालं. नवा मेल, फक्त रिक्रूटरला.

कोरडा_पाऊस
विषय थोडा वेगळा पण सांगतोच. हे बायकांनाच होतं असं नाही. मी चौतीसचा, लग्न नाही केलं, एका ठिकाणी मला विचारलं "एकटेच? काही प्रॉब्लेम?" आणि हसले दोघंही. वर सांगितलं की एकटा आहे म्हणजे रात्रीची शिफ्ट चालेलच. मी प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत गेलो होतो, त्याला सांगितलं तर म्हणे साहेब सोडून द्या, मी बोलतो. तो कशाला बोलतोय, मी जॉइन झालो तरच त्याला फी. पुढे काहीच कळलं नाही, ना होकार ना नकार.

खुर्चीपलीकडून
@कोरडा_पाऊस नाही, वेगळा नाहीये, हेच आहे. तुमच्या बाबतीत उलट्या दिशेने गृहीत धरलं एवढंच. कन्सल्टंटला निरोप पोचवण्यात फायदा नसतो हे खरं. तेव्हा कॅलेंडरच्या इन्व्हाइटमध्ये कंपनीच्या एचआरमधलं कुणी असेल तर त्यांना थेट लिहायचं आणि कन्सल्टंटला फक्त "लिहिलंय" म्हणून कळवायचं. तो कुरकुरेल, पण अ‍ॅप्लिकेशन मागे नाही घेणार, त्याचेही पैसे अडकलेत ना.

मधलीसुट्टी
हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. आमच्याकडे मालकच इंटरव्ह्यू घेतो आणि एचआर म्हणजे त्याचा भाचा. तिथे कुणाला मेल करायचा?

खुर्चीपलीकडून
@मधलीसुट्टी खरं सांगू, तिथे नंतरचा मेल फारसा चालत नाही, कारण मेल वाचणारा आणि प्रश्न विचारणारा एकच. तिथे जे काय ते त्याच खुर्चीत बसून. "फिरती जमेल का असं विचारताय ना? जमेल, आत्ताही करते." एवढं बोलून थांबायचं, लग्नाच्या भागाला हातच लावायचा नाही. तरी त्याने पुन्हा तेच काढलं तर रुजू झाल्यावर तो काय काय काढेल याचा अंदाज आपोआप आला.

भटकभवानी
बदलला. आता हा बघा:

"नमस्कार, कालच्या राउंडबद्दल आभार. या रोलमध्ये मला रस आहे आणि पुढच्या राउंडला यायला आवडेल.

एक गोष्ट कळवायची होती. मुलाखतीच्या शेवटच्या भागात माझं लग्न, मुलांचा विचार आणि घरच्यांची संमती यांवर प्रश्न आले. फिरती जमेल का हे जाणून घ्यायचं असावं असं मी धरते, आणि त्याचं थेट उत्तर देते. जाहिरातीत दिलेली महिन्याची दहा-बारा दिवसांची फिरती मला मान्य आहे, सध्याच्या कामातही मी साधारण तेवढीच फिरते.

माझं मूल्यमापन या माहितीवर आणि कामाच्या अनुभवावर व्हावं, घरगुती बाबींवर नको, एवढी विनंती. हे पॅनेलची चर्चा होण्याआधी लक्षात घेतलं जाईल का ते कळवावं. फोनवर बोलायचं असेल तर मी मोकळी आहे."

निमिष_का
"फिरती जमेल का हे जाणून घ्यायचं असावं" हे का? त्याला सबब तुम्हीच तयार करून देताय. मला नाही पटलं.

खुर्चीपलीकडून
@निमिष_का हे मात्र विचार करण्यासारखं आहे, मी नाकारत नाही. मी ते ठेवते कारण रिक्रूटरला हे घेऊन मॅनेजरकडे जायचंय आणि त्याला तोंड लपवायला जागा नसेल तर तो अंगावर येतो, मग ती विषयच काढत नाही. पण तुमचंही खरं की पुढे प्रकरण वाढलं तर त्याच वाक्यावर बोट ठेवून म्हणतील, बघा उमेदवारानेच हेतू चांगला मानला होता. भवानी, तूच ठरव. मधला मार्ग म्हणजे हेतूचं वाक्य काढून नुसतं "फिरतीबद्दल थेट सांगायचं तर" असं सुरू कर.

बाकी मेल चांगला आहे. "लक्षात घेतलं जाईल का ते कळवावं" ही ओळ सगळ्यात कामाची, रिक्रूटरला हो किंवा नाही म्हणावंच लागेल.

टेकडीवाला
काल लिहिलेलं थोडं मागे घेतो. फॉर्ममध्ये मीही "लाँग टर्म दिसत नाही" असं लिहिलेलं आठवतंय एकाबद्दल, आणि ते कशावरून लिहिलं होतं ते आता आठवत नाही. पण एक विचारू का, हा मेल गेल्यावर मॅनेजरला कळणारच ना कुणी सांगितलं ते? शेवटी त्याच्याच हाताखाली काम करायचंय तिला.

खुर्चीपलीकडून
कळणार. नाव न सांगता निरोप देतो असं रिक्रूटर म्हणाली तरी त्या आठवड्यात त्याने फिरतीच्या रोलसाठी इंटरव्ह्यू घेतलेल्या बायका किती असतील? त्यामुळे गुप्त राहील या भरवशावर पाठवू नये, कळलं तरी चालेल अशा भाषेत पाठवावं. मेल मऊ ठेवायचं खरं कारण हेच.

भटकभवानी
अपडेट देते. निमिष यांचं ऐकून हेतूचं वाक्य काढलं आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्रूटरचा फोन आला, मेलला उत्तर नाही, फोनच. आवाजावरून घाबरलेली वाटली जरा. म्हणाली सॉरी, ते तसे नाहीयेत, मोकळेपणाने बोलतात, मी बघते. मी विचारलं चर्चा झालीये का, तर म्हणाली अजून नाही, शुक्रवारी आहे. फिरतीचं तिने दोनदा विचारून लिहून घेतलं, सध्याच्या जॉबमध्ये कुठल्या भागात फिरता वगैरे. ही चांगली खूण की फक्त समजूत काढणं?

खुर्चीपलीकडून
लिहून घेतलं ही चांगली खूण. "ते तसे नाहीयेत" कडे दुर्लक्ष कर, ते सगळेच म्हणतात. पण फोन केला म्हणजे लेखी काही ठेवायचं नाही असंही असू शकतं, म्हणून तू आज दोन ओळी टाक, "आज फोनवर बोलल्याबद्दल आभार, फिरतीची माहिती तुम्ही शुक्रवारच्या चर्चेत मांडणार आहात असं मी समजते." बस. चिडचिड नाही, आठवण नाही. तिचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

यापुढे बघायचं ते असं. पुढच्या राउंडला दुसरी व्यक्ती आली, किंवा मॅनेजरसोबत अजून कुणी बसलं, तर आत कुणीतरी हालचाल केलीये. पुढची तारीखच येत नसेल आणि जाहिरात मात्र चालूच दिसत असेल तर ते बरं लक्षण नाही, पण त्यावरूनही लगेच काही सिद्ध होत नाही, पोझिशन्स शंभर कारणांनी लटकतात. मग आठवड्याने एकदा विचारायचं, फक्त पुढच्या राउंडबद्दल, हा विषय परत न काढता.

अक्षरगंध
आणि दुसरीकडे अप्लाय करणं थांबवू नकोस हं. मला अजूनही वाटतं की मुलांचं लिहून टाकलं असतंस तर पटकन मिटलं असतं, पण असो.

भटकभवानी
दोन ओळी पाठवल्या, त्याला "नोटेड, थँक्स" एवढं आलं. आणि आज इन्व्हाइट आलं! मंगळवारी राउंड आहे, मॅनेजरचा बॉस आणि एचआरच्या सीनियर बाई. मॅनेजर यादीत नाहीये. आनंदही झाला आणि धाकधूकही, मुद्दाम काढलं असेल तर तो आधीच खार खाऊन असेल का माझ्यावर. मंगळवारी त्यांनी स्वतःहून विषय काढला तर काय बोलू? आणि नाही काढला तर मी काढू का?

निमिष_का
काढा. लोखंड गरम आहे.

खुर्चीपलीकडून
नको काढूस, तुझं म्हणणं पोचलंय. त्यांनी काढला तर "मी कळवलं होतं, रिक्रूटरशी बोलणं झालं, फिरतीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा" आणि परत कामावर. विचारायचंच असेल तर शेवटी, प्रश्न आहेत का म्हणतात तेव्हा, हे विचार की रोज रिपोर्टिंग कुणाला असेल आणि फिरतीचं वेळापत्रक कोण ठरवतं. तो मॅनेजर एकटाच ठरवत असेल तर ऑफर आली तरी सही करण्याआधी त्याच्याशी एकदा अर्धा तास बोलायचंय असं सांग.

टेकडीवाला
खार खाऊन असेल का याचं उत्तर त्या अर्ध्या तासातच मिळेल, आधी नाही. माझ्याबद्दल कुणी असं कळवलं असतं तर मी पहिले दोन दिवस नक्की फुगलो असतो. नंतरचं सांगता येत नाही.